एसीचा कॉम्प्रिहेन्सिव्ह करार घेताय? आधी ‘गंज’ हा शब्द कुठे आहे ते बघा

वाचकाचं पत्र

‘ऐरोलीत खाडीच्या बाजूला, नवव्या मजल्यावर राहतो. घरात तीन एसी. हॉल आणि बेडरूममध्ये चार वर्षांपूर्वी घेतलेले दीड टनी इन्व्हर्टर (कॉम्प्रेसरला 10 वर्षं, पीसीबीला 5 वर्षं वॉरंटी) आणि मुलांच्या खोलीत नऊ वर्षं जुना एक टनी साधा स्प्लिट. बेडरूमच्या एसीत गेल्या चौदा महिन्यांत दोनदा गॅस भरला, दर वेळी 2,800 रुपये गेले. आता सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात कॉम्प्रिहेन्सिव्ह एएमसी घ्या, गॅस, कॉम्प्रेसर सगळं आलं. दर दीड टनीला 5,200, एक टनीला 4,600, वर्षाला चार व्हिजिट. नॉन-कॉम्प्रिहेन्सिव्ह सरसकट 2,000, तीन व्हिजिट. दोन्हीवर 18 टक्के जीएसटी. कॉम्प्रिहेन्सिव्हच्या कागदावर खाली लिहिलंय, ‘प्लास्टिक भाग, रिमोट, गंज व बाह्य कारणांमुळे झालेले नुकसान वगळून’. मिस्टर म्हणतात एकदाच पैसे भरू आणि निर्धास्त राहू. मला मात्र 17,700 जड वाटतात. काय करावं?’

उत्तर

कागदावरची ती ओळ तुम्ही जशीच्या तशी लिहून पाठवलीत हे फार बरं केलंत, कारण तुमचा सगळा प्रश्न तिच्यातच आहे. प्लास्टिक आणि रिमोट सोडून द्या. ‘गंज’ या शब्दावर बोट ठेवा. खाडीकाठच्या घरात एसीचा जो भाग सगळ्यात आधी जातो, तोच या एका शब्दाने कराराबाहेर गेलाय.

बहुतेक घरांत हिशेब कॉम्प्रेसरपासून सुरू होतो. कॉम्प्रेसर गेला तर मोठा खर्च, म्हणून कॉम्प्रिहेन्सिव्ह. पण तुमच्या दोन्ही इन्व्हर्टरच्या कॉम्प्रेसरची वॉरंटी अजून सहा वर्षं आहे आणि पीसीबीची, म्हणजे सर्किट बोर्डाची, एक वर्ष. म्हणजे एएमसीवाला ज्या दोन महागड्या वस्तूंची नावं घेऊन पैसे मागतोय, त्या दोन्ही कंपनीने आधीच बांधून दिल्यात. एक मात्र खरं, कॉम्प्रेसरच्या वॉरंटीत बहुधा नुसता कॉम्प्रेसर मिळतो. तो बसवण्याची मजुरी, ने-आण आणि त्यानंतर भरावा लागणारा गॅस आपल्याच खिशातून जातो, आणि तेवढा खर्च कॉम्प्रिहेन्सिव्ह करारात येतो. पण चार वर्षांच्या इन्व्हर्टरमध्ये कॉम्प्रेसर जाण्याच्या आधी कॉइल गळण्याची शक्यता तुमच्या भागात कितीतरी जास्त आहे.

ओहोटीच्या वेळी खाडीकडून जो कुजकट वास घरात येतो, त्यात हायड्रोजन सल्फाइड असतो. तो तांब्यावर बसला की तांबं काळं पडतं आणि हळूहळू खाल्लं जातं. हवेतला खारटपणा बाहेरच्या युनिटच्या ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांना धरतो. बोटाने दाबलं की ते पांढऱ्या भुकटीसारखे सुटतात. आतल्या कॉइलवर सतत ओल असते, त्यामुळे तांब्याच्या नळीला सुईच्या टोकाएवढं भोक पडतं आणि गॅस महिनोन्‌महिने हळूहळू निघून जातो. निळ्या किंवा सोनेरी मुलाम्याची जी जाहिरात असते, तो मुलामा पत्र्यांना वाचवतो. तांब्याच्या नळ्यांचे वाकलेले तुकडे कॉइलच्या दोन्ही कडांना उघडेच असतात.

आता तुमच्या बेडरूमच्या एसीकडे येऊ. एसीतला गॅस वापरून संपत नाही. तो बंद नळ्यांमधून वर्षानुवर्षं फिरत राहतो. चौदा महिन्यांत दोनदा भरावा लागला याचा एकच अर्थ, कुठेतरी गळती आहे, आणि दोन्ही वेळा ती न शोधता वरून गॅस भरला गेला. ते 5,600 रुपये हवेत गेले असं म्हणायला हरकत नाही. आणि इथेच ‘एएमसी घ्या, गॅस आला’ या बोलण्यातली दुसरी अडचण आहे. कॉम्प्रिहेन्सिव्ह करार करण्याआधी टेक्निशियन येऊन एसी तपासतो, आणि त्या दिवशी जो बिघाड असेल तो ग्राहकाने आपल्या खर्चाने दुरुस्त करून द्यायचा असा नियम जवळजवळ सगळ्या करारांत असतो. म्हणजे सध्याची गळती करारात येणारच नाही. समजा तपासणीत ती निसटली आणि करार झाला, तरी चार महिन्यांनी गॅस गेल्यावर माणूस येईल, काळी पडलेली कॉइल बघेल आणि ‘गंज आहे, करारात बसत नाही’ म्हणेल. त्या कागदाप्रमाणे त्याचं म्हणणं बरोबरच असेल.

म्हणून पहिलं काम कराराचं नाही, गळती शोधण्याचं आहे. ते कसं व्हायला हवं हे माहीत असलं की समोरचा खरंच तपासतोय की नुसता गेज लावून मान हलवतोय, हे तुम्हाला कळेल.

तपास नळ्यांच्या जोडांपासून सुरू होतो. असे जोड चार असतात. दोन बाहेरच्या युनिटच्या व्हॉल्व्हपाशी, दोन आतल्या युनिटच्या मागे काळ्या रबरी वेष्टणाखाली. वेष्टण सोडवून चारही जोडांना साबणाचं दाट पाणी लावायचं आणि बुडबुडे येतात का ते थांबून बघायचं. जोडापाशी तेलकट डाग दिसला तर गळती तिथेच असण्याची शक्यता मोठी, कारण गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही थोडं झिरपतं. इथेच सापडली तर नशीब. नळीचं टोक कापून नवं फ्लेअर मारलं की काम झालं, कॉइलला हात लावावा लागत नाही.

जोड ठीक निघाले तर नायट्रोजनची परीक्षा करायला सांगा. बाहेरच्या युनिटचे व्हॉल्व्ह बंद करून आतली कॉइल आणि पाइप वेगळे करतात, त्यात दाबाने नायट्रोजन भरतात आणि गेजवरचा आकडा लिहून ठेवून काही तास थांबतात, शक्य असेल तर रात्रभर. आकडा उतरला तर गळती आतल्या बाजूला. स्थिर राहिला तर बाहेरची बाजू तपासायची. घाईत असलेला माणूस दहा मिनिटांत गेज काढू लागला तर त्याला थांबवा. सुईच्या टोकाएवढ्या भोकाने दहा मिनिटांत काटा हलतही नाही. आणि एक गोष्ट अगदी निक्षून सांगते. नायट्रोजनच्या ऐवजी ऑक्सिजनचा सिलिंडर कोणी आणला तर काम तिथेच बंद करा. दाबाखालचा ऑक्सिजन आणि कॉम्प्रेसरचं तेल एकत्र आलं की स्फोट होतो.

गळती कॉइलच्या कडेला, वाकलेल्या नळीवर असेल तर ब्रेझिंग करून, म्हणजे धातू वितळवून डाग देऊन, ती बंद होते. पत्र्यांच्या आत असेल तर कॉइल बदलण्याला पर्याय नाही. ब्रेझिंग केलेल्या कॉइलच्या बाकीच्या नळ्या काळ्या पडलेल्या असतील, तर आज एक भोक बुजेल आणि सहा महिन्यांनी शेजारी दुसरं पडेल. अशा वेळी ब्रेझिंगवर पैसे घालू नका. नवीन कॉइलचा दर आणि तिच्यावर किती महिन्यांची हमी मिळते, हे लेखी मागा.

दुरुस्तीनंतर गॅस भरायच्या आधी व्हॅक्यूम पंप लावून नळ्यांतली हवा आणि ओल काढून टाकायला हवी. त्याला अर्धा तास तरी लागतो. मग गॅस वजन करून भरायचा. किती ग्रॅम ते बाहेरच्या युनिटच्या पाटीवर छापलेलं असतं. दीड टनी इन्व्हर्टरला तो साधारण एक किलोच्या आसपास लागतो. वजनकाटा न आणता ‘प्रेशरवर भरतो’ म्हणणाऱ्याकडून इन्व्हर्टर एसीत गॅस भरून घेऊ नये, कारण कॉम्प्रेसरचा वेग सतत बदलत असल्यामुळे नुसत्या प्रेशरवरून अंदाज चुकतो. झालं की एसी 16 अंशांवर, पंखा जोरात ठेवून पंधरा-वीस मिनिटं चालवा. युनिटच्या वर आत शिरणाऱ्या हवेचं आणि खालून बाहेर येणाऱ्या हवेचं तापमान साध्या थर्मामीटरने घ्या. फरक 8 ते 12 अंशांचा असला की ठीक. पावसाळ्यात हवा दमट असते तेव्हा तो 8 च्या जवळ राहतो, त्याने घाबरू नका.

हे सगळं झाल्यावर मग करार.

हॉलच्या एसीपासून बघू, कारण तो आज धडधाकट आहे. जीएसटी धरून त्याचे 6,136 रुपये होतात. कॉम्प्रेसर आणि पीसीबी वॉरंटीत, कॉइल गंजाच्या नावाखाली बाहेर, आणि कॉइल गळाल्यामुळे गेलेला गॅसही तिच्या मागोमाग बाहेर. मग या पैशात उरलं काय? पंख्याची मोटर, सेन्सर, आणि चार सर्व्हिसिंग. एवढ्यासाठी 6,136 देऊ नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. पण तोच करार, त्याच दरात, ‘आतली व बाहेरची कॉइल, गंजामुळे झालेल्या गळतीसह, आणि त्यानंतरचा गॅस समाविष्ट’ या ओळीसह मिळाला, तर खाडीकाठच्या घरासाठी तो घेण्यासारखा आहे. मिस्टरांना हवा असलेला निर्धास्तपणा त्या ओळीत आहे, ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’ या नावात नाही. ती ओळ मागून बघा. काही सर्व्हिस सेंटर थोडा दर वाढवून ती घालून देतात, काही साफ नाही म्हणतात. तोंडी ‘हो मॅडम, सगळं येतं’ याला काही किंमत नाही. करारावर हाताने लिहून, सही-शिक्का घेऊन द्यायला सांगा किंवा ईमेलवर मागवा.

‘बाह्य कारणे’ हे शब्दही तसेच सैल आहेत. त्यात व्होल्टेजचा चढउतार, उंदीर, पाल सगळं घुसवता येतं. बाहेरच्या युनिटमध्ये उबेला पाल शिरते, पीसीबीवर दोन टोकांच्या मध्ये येते आणि बोर्ड जळतो. हा आपल्याकडचा अगदी नेहमीचा बिघाड आहे, आणि तो करारातही बसत नाही आणि सहसा वॉरंटीतही नाही. त्यावर उपाय कागदाचा नाही. पुढच्या सर्व्हिसिंगला बाहेरच्या युनिटमध्ये वायर जिथून आत जाते ती फट बुजवून घ्या. व्होल्टेजचं कारण पुढे होऊ नये म्हणून अर्थिंग एकदा इलेक्ट्रिशियनकडून तपासा आणि स्टॅबिलायझर लावला असेल तर त्याचं बिल जपून ठेवा.

व्हिजिटच्या संख्येबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण चार म्हणजे तीनपेक्षा चांगलं असं सहज वाटतं. चार व्हिजिटच्या करारात बहुधा दोन ओल्या आणि दोन सुक्या असतात. सुक्या व्हिजिटमध्ये जाळी धुतात, फडका मारतात, गेज लावतात आणि पंधरा मिनिटांत निघतात. जाळी तर तुम्ही स्वतः दर पंधरा दिवसांनी नळाखाली धुवायलाच हवी, त्यासाठी माणूस लागत नाही. ओल्या व्हिजिटमध्ये खाली पिशवी बांधून जेट पंपाने आतली कॉइल, ब्लोअर आणि पाण्याचा ट्रे धुतात, ड्रेन पाइप मोकळा करतात, आणि बाहेरचं युनिटही धुतात. एका एसीला पाऊण तास तरी जातो. तीन एसी तासाभरात उरकले तर ओली सर्व्हिस झाली नाही, असं धरून चाला.

तुमच्या घरी सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे बाहेरचं युनिट साध्या पाण्याने धुणं, कारण त्यानेच खार निघतो. आणि नवव्या मजल्यावर नेमकं तेच टाळलं जातं. ‘बाहेर पोहोचता येत नाही’ म्हणून आतलं धुऊन कार्डावर सही घेतली जाते. बाहेरच्या युनिटला हात लावायला सेफ्टी बेल्ट घेऊन माणूस येईल का आणि त्याचे वेगळे पैसे आहेत का, हे करारापूर्वीच विचारा. बेल्टशिवाय कोणालाही खिडकीबाहेर उतरू देऊ नका, तो कितीही सराईत असला तरी. माणूस बाहेर असतानाच युनिटच्या लोखंडी स्टँडचे बोल्ट बघून घ्यायला सांगा. स्टँड बहुतेक करारांतून वगळलेला असतो, खाऱ्या हवेत तो झपाट्याने सडतो, आणि खाली रस्ता असतो. गंजाचे पापुद्रे सुटत असतील तर तो लगेच बदला, सर्व्हिसिंगची वाट पाहू नका.

धुताना ॲसिडचा फवारा मारू देऊ नका. कॉइल क्षणात चकचकीत दिसते, पण आधीच झिजत असलेल्या तांब्यावर तो जास्तीचा घाव असतो. पाणी पुरतं. फारच चिकट मळ असेल तर सौम्य क्लीनर चालेल, पण त्यानंतर पाण्याने पूर्ण धुतलं पाहिजे.

तेव्हा चार मोघम व्हिजिटपेक्षा तीन ओल्या मागा आणि महिने लिहून घ्या. फेब्रुवारीअखेर, उन्हाळ्याआधी. जूनच्या मध्यावर, कारण पावसाळ्यात ड्रेनमध्ये शेवाळ साचून पाणी भिंतीवर उतरतं. आणि सप्टेंबरअखेर, ऑक्टोबरच्या उकाड्याआधी. महिने न लिहिलेल्या करारात उरलेल्या व्हिजिट डिसेंबर-जानेवारीत, एसी बंद असताना उरकल्या जातात. शिवाय बिघाडाची तक्रार किती तासांत बघणार हेही लिहून घ्या. एप्रिल-मे मध्ये सर्व्हिस सेंटर तुंबलेली असतात, तेव्हा ‘48 तास’ हे दोन शब्द कागदावर असले तर रांगेत तुमचा नंबर धरून बसता येतं.

हे सगळं घालून नॉन-कॉम्प्रिहेन्सिव्ह कसं पडतं बघा. तीन एसींचे जीएसटीसह 7,080. यात नऊ सर्व्हिसिंग येतात, म्हणजे एकाला 787 रुपये, शिवाय अधूनमधून बिघाड झाला तर बघायला येण्याचे पैसे लागत नाहीत. तुमच्या भागातला भरवशाचा मेकॅनिक एका ओल्या सर्व्हिसला किती घेतो ते विचारा. तो 600 घेत असेल तर नऊ वेळचे 5,400 होतात, आणि करारासाठी तुम्ही 1,680 जास्त देताय. वर्षातून तीन-चारदा बोलवायची वेळ येत असेल तर ते वसूल होतात. एरवी करार न करता, लागेल तेव्हा बोलवूनही चालतं. फक्त एक पथ्य पाळा. वॉरंटीतल्या दोन्ही एसींचा कॉम्प्रेसर आणि पीसीबी बाहेरच्या माणसाला उघडू देऊ नका. अनधिकृत दुरुस्ती दिसली की वॉरंटी नाकारण्याची अट कार्डावर असते. धुण्याला बाहेरचा मेकॅनिक चालेल, दुरुस्तीला कंपनीचाच.

बेडरूमच्या एसीचा निर्णय गळती कुठे निघते त्यावर. जोडाला निघाली तर त्याला हॉलच्या एसीसारखंच वागवा. कॉइल बदलावी लागली तर नव्या कॉइलची हमी असेपर्यंत कॉम्प्रिहेन्सिव्हचं काही कारण नाही. तेवढे महिने साधी सर्व्हिस पुरे.

मुलांच्या खोलीतल्या एक टनीसाठी मात्र कॉम्प्रिहेन्सिव्ह घेऊच नका. जुना आहे म्हणून बिघडणार, म्हणून त्यालाच संरक्षण हवं, हे ऐकायला पटतं. पण इतक्या जुन्या मशीनच्या करारात ‘पार्ट उपलब्ध असल्यास’ ही अट असते आणि तपासणीतच दोन-तीन वस्तू तुमच्या खर्चाने बदलायला लावतात. जीएसटीसह 5,428 रुपये दर वर्षी त्यावर घालण्यापेक्षा तेच नव्या एसीसाठी बाजूला ठेवा. सुरू होताना नुसती घरघर करून थांबला तर आधी कपॅसिटर तपासायला सांगा. ती काही शे रुपयांची वस्तू असते, आणि ती न बघताच ‘कॉम्प्रेसर गेला’ असं सांगितलं जातं. कॉइल किंवा कॉम्प्रेसर खरोखर गेला तर दुरुस्त करू नका, एसी बदला, आणि नवा घेताना दुकानदाराला एकच प्रश्न विचारा: कॉइलला किती वर्षांची वॉरंटी, आणि त्यात गंज धरलाय का?